पहिलं सत्र मोफत: फी-वसुलीचा प्रस्ताव विश्वस्तांनी कसा वाचावा

शैक्षणिक वर्ष संपत आलं की खासगी शाळांच्या विश्वस्तांना एका ठरावीक साच्याचे ई-मेल येऊ लागतात. पाठवणारी असते शाळांसाठी सॉफ्टवेअर तयार करणारी कंपनी. मजकूर साधारण असा असतो: ‘आपल्या शाळेची फी-वसुली ऑनलाइन करण्यासाठी आमची प्रणाली पुढचं एक सत्र विनामूल्य वापरून पाहा. शाळेला शून्य खर्च. पालकांनी भरलेली फी दुसऱ्या दिवशी खात्यात. विद्यार्थ्यांची सगळी माहिती आम्हीच भरून देऊ. सत्रानंतर आवडलं तर पुढे चालू ठेवा.’

प्रस्तावात गैर काहीच नाही. काउंटरवरची रांग, धनादेश न वटण्याची कटकट आणि हाताने पावत्या फाडण्याचं काम यांतून कार्यालय सुटणार असेल तर चाचणी घ्यायलाच हवी. मात्र विश्वस्तांनी पाहायला हवी ती गोष्ट मोबाइलवरच्या ॲपमध्ये दिसत नाही. पालकाने भरलेला रुपया कुठल्या खात्यातून, कोणती कपात होऊन आणि कोणत्या नोंदीसह संस्थेच्या कीर्दीत पोचतो, ही ती गोष्ट. त्या नजरेने ई-मेलमधली वाक्यं एकेक करून वाचू.

‘शाळेला शून्य खर्च’

फी ऑनलाइन भरली की मध्ये शुल्क लागू शकतं. ते किती, हे पैसे भरण्याच्या मार्गावर ठरतं. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क केंद्र सरकारने जानेवारी २०२० पासून शून्य केलं आहे. क्रेडिट कार्डावर मात्र ते लागतं. दर करारानुसार बदलतो. उदाहरणापुरता २ टक्के धरला, तर १५,००० रुपयांच्या फीवर ३०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५४, असे ३५४ रुपये होतात.

‘शाळेला शून्य खर्च’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की हे ३५४ रुपये पालक भरतील. इथे महाराष्ट्रातल्या शाळांनी थांबून विचार करायला हवा. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडून मंजूर करून घ्यावी लागते आणि मंजूर रकमेपेक्षा जास्त फी घेता येत नाही. ‘सुविधा शुल्क’ नावाची रक्कम पालकाच्या पावतीवर अचानक दिसली तर पहिला प्रश्न याच समितीत विचारला जाईल. म्हणून चाचणीआधीच ठरवावं: यूपीआयने भरणाऱ्याकडून एक रुपयाही जास्त घ्यायचा नाही, काउंटरवर भरण्याचा विनाशुल्क मार्ग चालू ठेवायचा आणि कार्डाचा आकार कोण सोसणार हे समितीला आधी सांगायचं. विलंब आकाराचंही तसंच. सॉफ्टवेअरमध्ये तो बहुधा आपोआप लागतो. मंजूर फीरचनेत त्याला आधार नसेल तर ती सोय पहिल्याच दिवशी बंद करून घ्यावी.

मोफत सत्र संपल्यानंतरचा दरही ई-मेलमध्येच मागावा. समजा, विद्यार्थ्यामागे वर्षाला ३०० रुपये असा दर आहे आणि शाळेत ८०० मुलं आहेत. वर्षाचे २,४०,००० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४३,२००. शालेय शिक्षणाला जीएसटीतून सूट असल्यामुळे शाळेला खरेदीवर भरलेल्या या कराची वजावट मिळत नाही. संस्थेचा खरा खर्च २,८३,२०० रुपये धरायला हवा.

‘दुसऱ्या दिवशी खात्यात’

दुसऱ्या दिवशी, पण तोपर्यंत पैसे कुणाच्या खात्यात? हा या ई-मेलमधला सगळ्यात मोठा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार इतरांसाठी पैसे गोळा करून ते पुढे पोचवणाऱ्या बँकेतर कंपनीला ‘पेमेंट ॲग्रिगेटर’ म्हणून रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. गोळा झालेली रक्कम तिला शेड्यूल्ड बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. सॉफ्टवेअर कंपनी स्वतः बहुधा ॲग्रिगेटर नसते, ती दुसऱ्या परवानाधारक कंपनीची सेवा जोडून देते. ही रचना चालते. मात्र फी आधी सॉफ्टवेअर कंपनीच्या चालू खात्यात जमा होऊन तिथून शाळेकडे येणार असेल, तर नकार द्यावा. कंपनी अडचणीत आली तर ते पैसे अडकतील आणि पालकांना उत्तर मात्र संस्थेला द्यावं लागेल. ॲग्रिगेटरचं नाव विचारून ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहता येतं. व्यापारी म्हणून नोंदणी शाळेच्या किंवा संस्थेच्या नावाने झालेली असावी. शिक्षणसंस्थांसाठी यूपीआयची मर्यादा एका व्यवहाराला पाच लाख रुपये आहे. त्या वर्गवारीत नोंदणी नसेल तर मोठी रक्कम भरताना पालकाचा व्यवहार एक लाखावरच अडू शकतो.

आता कार्यालयातला एक दिवस पाहू. सोमवारी वीस पालकांनी प्रत्येकी १५,००० रुपये भरले. एकूण ३,००,०००. त्यातल्या चौघांनी क्रेडिट कार्ड वापरलं आणि आकार शाळेने सोसायचा ठरला आहे. चार गुणिले ३५४ म्हणजे १,४१६ रुपये वजा होऊन मंगळवारी बँकेत एकच रक्कम दिसते: २,९८,५८४. लेखनिकाच्या समोर वीस पावत्या आहेत आणि बँकेत एक आकडा. या दोहोंना जोडणारं तिसरं कागदपत्र म्हणजे सेटलमेंट अहवाल. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याची रक्कम, कपात आणि बँकेत जमा झालेल्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक असतो. तो हाती असेल तर कीर्दीत फीची जमा ३,००,००० आणि बँक आकाराचा खर्च १,४१६ अशी स्वच्छ नोंद होते. नसेल तर काही दिवसांत फरकांचा ढीग साचतो आणि मार्चअखेरीस लेखापरीक्षक विचारतात तेव्हा कुणालाच आठवत नाही. अहवाल रोज, न मागता आणि एक्सेलमध्ये मिळतो का, ही चाचणीची पहिली कसोटी.

दुसरी कसोटी अडकलेल्या व्यवहारांची. पालकाच्या खात्यातून पैसे गेले, पण शाळेकडे पुष्टी आली नाही, असं फीच्या शेवटच्या तारखेला हमखास घडतं. यूपीआयच्या अशा व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जायला हवी, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. पण घाबरलेला पालक पाच मिनिटांत पुन्हा पैसे भरतो. कधी दोन्ही व्यवहार यशस्वी ठरतात आणि एका मुलाच्या नावावर ३०,००० जमा होतात. प्रणाली असा दुहेरी भरणा त्याच दिवशी दाखवते का, परताव्याला मंजुरी कोण देतं आणि परत करताना पावती रद्द होऊन नवी नोंद होते का, हे प्रत्यक्ष करून पाहावं.

‘सगळी माहिती आम्हीच भरू’

फीची गुंतागुंत अपवादांत असते. भावंडांची सवलत, कर्मचाऱ्यांच्या मुलांची सवलत, मागची थकबाकी, मध्येच प्रवेश घेतलेलं मूल. त्यातही शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांवरची मुलं सर्वांत महत्त्वाची. त्यांच्या पालकांकडून फी घ्यायचीच नसते, प्रतिपूर्ती सरकार शाळेला करतं. सरसकट यादी चढवली तर या घरांनाही थकबाकीचा संदेश जातो. एकदा गेलेला तो संदेश मागे घेता येत नाही आणि त्याने होणारा अपमान दिलगिरीने भरून निघत नाही. म्हणून संदेश पाठवण्याची सोय सुरू करण्याआधी अपवादांची यादी मुख्याध्यापकांनी सही करून द्यावी आणि पडद्यावर एकेक नाव तपासून घ्यावं.

पावत्यांच्या क्रमांकांकडेही लक्ष हवं. चाचणीच्या काळात काउंटरवरचं पावती पुस्तक आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू राहतात. दोघांचे क्रमांक एकच आले तर लेखापरीक्षणात घोळ होतो. ऑनलाइन पावत्यांना वेगळं आद्याक्षर द्यावं. पावतीवर शिकवणी शुल्क वेगळं दाखवलेलं असावं, कारण जुन्या करप्रणालीत पालकांना फक्त त्याचीच वजावट मिळते.

कंपनीला माहिती देताना हात आखडता घ्यावा. फी-वसुलीला मुलाचं नाव, इयत्ता, जनरल रजिस्टरचा क्रमांक आणि पालकाचा मोबाइल क्रमांक पुरतो. आधार, जात, छायाचित्र यांची गरज नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि काम बाहेरच्या कंपनीकडे दिलं तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते.

‘आवडलं तर पुढे चालू ठेवा’

हे वाक्य उलटं लिहून घ्यावं: संस्थेने लेखी ठराव करून कळवलं नाही तर चाचणी ठरलेल्या तारखेला आपोआप संपेल. त्यानंतर सर्व नोंदी एक्सेलमध्ये संस्थेला मिळतील आणि कंपनी आपल्याकडची प्रत नष्ट केल्याचं पत्र देईल. बऱ्याच करारांत याच्या उलट अट असते. गप्प राहिलं की वर्षाचं बिल सुरू होतं.

चाचणी केव्हा घ्यायची? कंपनीला जून हवा असतो, कारण तेव्हा भरणा सर्वांत मोठा असतो. शाळेसाठी तोच महिना सर्वांत वाईट. प्रवेश चालू असतात, सवलतींचे अर्ज पडून असतात, लेखनिकाला मान वर करायला वेळ नसतो. दिवाळीनंतरचं दुसरं सत्र घ्यावं. पटावरची नावं आणि सवलती तोवर पक्क्या झालेल्या असतात. सगळी शाळाही घेऊ नये. पाचवी-सहावीची १६० मुलं घेतली तर प्रत्येकी १५,००० प्रमाणे २४ लाखांचा भरणा तपासायला मिळतो. दोष दिसण्यासाठी तो पुरेसा आहे आणि काही चुकलं तर लेखनिक हाताने दुरुस्त करू शकेल इतका आटोक्यातही आहे.

यश कशाला म्हणायचं तेही आधी लिहावं. किती पालकांनी ॲप उतरवून घेतलं, हा आकडा कंपनीच्या कामाचा. संस्थेच्या कामाचे आकडे तीनच: रोजच्या पावत्या आणि बँकेतली जमा यांत किती दिवस न जुळलेला फरक राहिला, दुहेरी भरण्याचे पैसे किती दिवसांत परत गेले आणि चुकीच्या घरी किती संदेश गेले.

तेव्हा विश्वस्तांनी असा ई-मेल आला की लगेच होकार किंवा नकार देऊ नये. उत्तरात चार प्रश्न पाठवावेत: पैसे कुणाच्या खात्यातून येणार, कपात कोण सोसणार, रोजचा सेटलमेंट अहवाल कसा मिळणार आणि चाचणी संपल्यावर माहितीचं काय होणार. चारही उत्तरं लेखी आली तर कोषाध्यक्ष आणि लेखनिक यांना बरोबर घेऊन ठराव करावा आणि नोव्हेंबरमध्ये सुरुवात करावी. एकाही प्रश्नाला बगल दिली गेली, तर मोफत सत्रसुद्धा घेऊ नये.