सकाळच्या पहिल्या पावलाची कळ

पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकवताच टाचेच्या आतल्या बाजूला कळ जाते, चार पावलं चालल्यावर ती ओसरते. प्लांटर फॅसायटिस बहुधा असाच ओळखू येतो. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, त्याचं हे दुखणं.

बूट बदलण्याआधी धावण्याची वही उघडावी. आठवड्याला २० किलोमीटर धावणारा अर्धमॅरेथॉनसाठी पंधरवड्यात ३५ वर गेला आणि त्यात चढही घातले, तर कारण तिथेच सापडतं. धावणं पूर्ण थांबवायची गरज सहसा नसते. चढ आणि वेगाचा सराव बंद करून अंतर निम्म्यावर आणावं. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली नाही, तरच पुढे जावं.

सोबत पोटरीला बळ द्यायला हवं. पायरीच्या कडेवर चवडा टेकवावा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी. तीन सेकंदांत टाच उचला, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली या. एका पायावर बारा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवावं. हा व्यायाम डेन्मार्कमधल्या संशोधनातून आला. तिथे तीन महिन्यांनी नुसत्या ताणापेक्षा तो सरस ठरला, मात्र वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे घाई करून उपयोग नाही.

रात्री किंवा बसल्या जागीही दुखत असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग धावणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. मुंग्या, बधिरपणा, सूज किंवा दीड-दोन महिन्यांत काहीच फरक नसणं, हीसुद्धा तपासणीचीच कारणं.