एकाच मुलाच्या तीन राशी

१५ ऑगस्ट १९४७ रोजी मध्यरात्रीच्या ठोक्याला दिल्लीत एक मूल जन्मलं, असं धरू. ज्योतिषी याच वेळेवर स्वतंत्र भारताची पत्रिका मांडतात, त्यामुळे तिचं गणित तयारच आहे. इंग्रजी मासिकातलं भविष्य पाहिलं तर हे मूल सिंहेचं. घरच्या भटजींना विचारलं तर कर्केचं. आणि पत्रिकेच्या पहिल्या घरात आकडा आहे २, म्हणजे वृषभ. यात कुणीच चुकलेलं नाही.

सिंह आली ती सूर्यावरून. सूर्य एका राशीत महिनाभर असतो, म्हणून नुसती जन्मतारीख पुरते. पाश्चात्त्य पद्धत वसंतसंपातापासून राशी मोजते, आपली निरयन पद्धत ताऱ्यांच्या आधारानं. त्या वर्षी दोन्हींत सुमारे २३ अंशांचं अंतर होतं, त्यामुळे आपल्या पंचांगात त्या रात्री सूर्यही कर्केतच सापडतो. सूर्यावरून माणसाचा स्वाभिमान आणि अधिकाराची ओढ पाहतात.

मराठी घरात मात्र ‘रास कोणती?’ याचा अर्थ चंद्र कुठे आहे, एवढाच. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो आणि त्याच्यावरून मन बघतात: कशानं दुखावतो, कशात रमतो. साडेसातीही इथूनच मोजतात. आपल्या मुलाचा चंद्र कर्केत, पुष्य नक्षत्राच्या पहिल्या चरणात, म्हणून नावरस नाव ‘हू’वरून. कर्केचा माणूस हळवा, घरात गुंतलेला, मनाला लागलेलं सहसा न विसरणारा मानतात.

लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून ती साधारण दोन तासांत बदलते. तिला वेळ हवी आणि गावही हवं. अंगकाठी, चेहरा, चारचौघांतलं वागणं लग्नावरून सांगतात. वृषभ लग्नाचं हे मूल संथ आणि ठाम दिसेल, आतलं कर्केचं हळवेपण ओळखीनंतर कळेल. तेच मूल पहाटे तीनला जन्मलं असतं तर लग्न मिथुन, म्हणजे वरून बडबडं. सूर्य-चंद्राच्या राशी मात्र त्याच.

गफलत होते ती इथेच. ‘पाचच्या सुमारास झाला’ एवढ्यावर मांडलेलं लग्न सहज चुकतं. पत्रिकेत लग्नाचे अंश पाहावेत. ते एक-दोन किंवा अठ्ठावीस-एकोणतीस असतील, तर काही मिनिटांच्या फरकानं शेजारची रास येते.

हे वर्णन खरं ठरतं का, हा वेगळा प्रश्न. पुण्यात जयंत नारळीकरांनी एक चाचणी घेतली होती. त्यात २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि त्यांतल्या हुशार मुलांच्या कोणत्या, बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या कोणत्या, ते ओळखायला सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही पन्नासच्या आसपास आली असती. चाचणी बुद्धीची होती, स्वभावाची नव्हे, पण लग्न, चंद्र, सूर्य हे सगळं ज्योतिष्यांच्या हाती होतं.