विश्लेषण : १८ ग्रॅमच्या बास्केटमध्ये २१ ग्रॅम कॉफी भरली तर काय बिघडते?

घरगुती एस्प्रेसो यंत्र घेतलेल्या अनेकांची तक्रार सारखीच असते. बिया ताज्या, ग्राइंडर चांगला, पाण्याचे तापमानही योग्य, तरी एक कप आंबट लागतो आणि पुढचा कडू. कधी कधी तर दोन्ही चवी एकाच कपात येतात. मग बियांचा ब्रँड बदलला जातो किंवा नवा ग्राइंडर घेण्याचा विचार सुरू होतो. प्रत्यक्षात दोष अनेकदा त्याहून साध्या गोष्टीत असतो. बास्केटमध्ये किती कॉफी भरली आणि ते बास्केट किती कॉफीसाठी बनवले आहे, या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही. हा मेळ का महत्त्वाचा आणि तो घरी कसा तपासायचा?

बास्केट म्हणजे नेमके काय?

एस्प्रेसो यंत्राला जी मुठीची दांडी अडकवतात, ती पोर्टाफिल्टर. तिच्यात बसणारी, तळाला बारीक छिद्रे असलेली स्टीलची वाटी म्हणजे बास्केट. दळलेली कॉफी या वाटीत भरून टॅम्परने दाबली की तिची घट्ट चकती तयार होते. तिला ‘पक’ म्हणतात. पोर्टाफिल्टर यंत्रात फिरवून बसवला की पकच्या वर शॉवर स्क्रीन येते. ही जाळी पाणी सगळीकडे सारखे पसरवते. त्यानंतर सुमारे ९ बार दाबाने गरम पाणी पकमधून ढकलले जाते.

कॅफेतील बहुतेक यंत्रांत बास्केटचा व्यास ५८ मिलिमीटर असतो. घरगुती यंत्रांत ५४ किंवा ५१ मिलिमीटरचे बास्केटही दिसतात. व्यास यंत्रानुसार ठरलेला असल्यामुळे १५, १८, २० किंवा २२ ग्रॅमच्या बास्केटमधला फरक मुख्यतः खोलीचा असतो. नेमक्या मापाची बास्केट बनवणारे काही उत्पादक ठरलेल्या वजनापेक्षा एक ग्रॅम कमी किंवा जास्त एवढीच मुभा देतात. त्यामागे कारण आहे.

एका ग्रॅमने एवढा फरक का पडतो?

ढोबळ हिशेब करू. ५८ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस सेंटिमीटर भरते. दाबलेल्या कॉफीची घनता लक्षात घेतली, तर या बास्केटमध्ये एक ग्रॅम कॉफी वाढली की पकची उंची जवळपास एक मिलिमीटरने वाढते. पक आणि शॉवर स्क्रीन यांच्यातली मोकळी जागा मुळातच काही मिलिमीटरची असते. त्यामुळे दोन-तीन ग्रॅमची चूक म्हणजे ही जागा संपून जाणे किंवा जवळपास दुप्पट होणे.

ही जागा लागते, कारण कॉफी भिजली की फुगते. पाणी जाळीतून पडल्यावर आधी या पोकळीत पसरते आणि मग पकच्या संपूर्ण पृष्ठभागावर सारखा दाब देते. सगळ्या पकमधून पाणी एकाच वेगाने उतरले, तरच प्रत्येक कणातून जवळपास सारखा अर्क निघतो. मात्र पाण्याला अडथळा जिथे कमी मिळतो तिथूनच ते वाट काढते. पकमध्ये एक बारीक भेग असली, तरी ९ बार दाबाचे पाणी तिकडेच धावते. याला चॅनेलिंग म्हणतात. भेगेच्या काठची कॉफी गरजेपेक्षा जास्त धुतली जाते आणि कडू उतरते. उरलेल्या भागात पाणी पुरेसे पोहोचत नाही, तिथली कॉफी आंबट राहते. एकाच कपात दोन्ही चवी येतात त्या अशा.

जास्त भरले तर काय होते?

१८ ग्रॅमच्या एका बास्केटचे उदाहरण घेऊ. समजा, त्यात १८ ग्रॅम कॉफी दाबल्यावर जाळीपर्यंत तीन मिलिमीटर जागा उरते. त्याच बास्केटमध्ये २१ ग्रॅम भरले, तर ही जागा जवळजवळ संपते.

पहिली अडचण पोर्टाफिल्टर यंत्रात फिरवतानाच येते. पकचा वरचा भाग जाळीला घासतो, जाळीच्या मधला स्क्रू पकमध्ये रुततो आणि फिरवण्याच्या ताणाने पकची कड बास्केटच्या भिंतीपासून सुटते. डोळ्यांना न दिसणारी ही फट पाण्यासाठी तयार वाट असते. दुसरी अडचण पाणी सुरू झाल्यावर दिसते. फुगायला जागा नसल्याने कॉफी जाळीवर दाबली जाते. जिथे ती चिकटते तिथे पाणी नीट पसरत नाही. शॉट थेंबथेंब येतो किंवा बराच वेळ काहीच न येता एका बाजूने अचानक धार सुटते. शिवाय कॉफीचे कण जाळीत अडकतात आणि जाळी वेळेवर धुतली नाही, तर पुढच्या शॉटमध्येही पाणी वाकडेतिकडे पडते.

हे टाळण्यासाठी अनेक जण कॉफी जाडसर दळतात. त्याने प्रवाह सुटतो, पण घासलेला पक आणि संपलेली जागा तशीच राहते. खर्चही वाढतो. २५० ग्रॅमच्या पाकिटातून १८ ग्रॅमचे १३ शॉट निघतात, २१ ग्रॅमचे केवळ ११.

कमी भरले तर?

त्याच बास्केटमध्ये आता १४ ग्रॅम भरू. पकची उंची साडेतीन मिलिमीटरच्या आसपास कमी होते आणि वरची पोकळी दुपटीहून मोठी होते. पूर्ण दाब तयार होण्याआधी या वाढीव पोकळीत नऊ-दहा मिलिलिटर जास्त पाणी भरावे लागते. तेवढ्या वेळात पाणी पकवर आदळत राहते आणि वरचा थर ढवळून काढते.

दुसरा मुद्दा अडथळ्याचा. दळण तेच असेल, तर पाण्याचा वेग साधारणपणे पकच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. १८ ग्रॅममधून ३६ ग्रॅम एस्प्रेसो उतरायला २८ सेकंद लागत असतील, तर १४ ग्रॅममधून तेवढाच एस्प्रेसो साध्या हिशेबाने २२ सेकंदांत उतरेल. कॉफी आणि एस्प्रेसो यांचे प्रमाणही एकास दोनवरून एकास अडीचच्या पुढे जाते. कप पातळ लागतो. पातळ पकमध्ये लहानशी भेगही तळापर्यंत लवकर पोहोचते, त्यामुळे चॅनेलिंगचा धोका वाढतो.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे कॉफी आणखी बारीक दळणे. वेळ पुन्हा २८ सेकंदांवर येतोही, पण बारीक दळण्याला मर्यादा आहे. २०२० मध्ये ‘मॅटर’ या विज्ञानपत्रिकेत मायकेल कॅमेरॉन, ख्रिस्तोफर हेंडन, जेमी फॉस्टर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ठरावीक मर्यादेपलीकडे बारीक दळल्यास पकचा काही भाग तुंबतो, प्रवाह असमान होतो आणि अर्क वाढण्याऐवजी घटतो, असे त्यात मांडले आहे. या संशोधकांनी उलट कमी कॉफी आणि जाडसर दळण सुचवले होते. त्यामुळे कमी डोस मुळातच चूक आहे, असे नाही. मोठे बास्केट अर्धवट भरून ती कसर अतिबारीक दळणाने भरून काढणे ही चूक आहे. कमी कॉफीचा शॉट हवा असेल, तर लहान बास्केट घेणे हा सरळ मार्ग.

सिंगल बास्केट खाली निमुळते का असते?

इटलीतील पारंपरिक सिंगल एस्प्रेसोला साधारण सात ग्रॅम कॉफी लागते. ५८ मिलिमीटर रुंदीच्या सरळ वाटीत सात ग्रॅम पसरले, तर पक जेमतेम सहा-सात मिलिमीटर जाड होईल. म्हणून सिंगल बास्केटचा खालचा भाग अरुंद करतात, म्हणजे थोडी कॉफीही पुरेशी जाड राहते. वर रुंद आणि खाली अरुंद अशा या आकारात कॉफी सारखी दाबणे मात्र कठीण जाते. त्यामुळे अनेक बरिस्ता डबल बास्केट वापरून शॉट दोन कपांत विभागतात.

आपले बास्केट किती ग्रॅमचे, हे कसे कळणार?

काही बास्केटवर आकडा कोरलेला असतो. यंत्रासोबत आलेल्या बास्केटवर तो बहुधा नसतो आणि ‘डबल’ या शब्दाचा अर्थ १४ ग्रॅमपासून १८ ग्रॅम किंवा त्याहून जास्त काहीही असू शकतो. अशा वेळी नाण्याची चाचणी उपयोगी पडते.

डबल बास्केटसाठी १४ ग्रॅमपासून सुरुवात करावी. कॉफी समपातळीत दाबून पकवर मधोमध साधारण दोन मिलिमीटर जाडीचे स्वच्छ नाणे ठेवावे. पाणी सुरू न करता पोर्टाफिल्टर पूर्ण बसवावा आणि लगेच काढावा. नाणे पकमध्ये रुतले नसेल, तर जागा पुरेशी आहे. पुढच्या वेळी एक ग्रॅम वाढवून पुन्हा पाहावे. नाणे रुतू लागले, तर मर्यादा ओलांडली. त्याच्या आधीचे वजन हा त्या बास्केटचा वरचा डोस समजावा. नाण्याखाली आलेली कॉफी फेकून द्यावी.

बिया बदलल्यावर ही चाचणी पुन्हा करावी. गडद भाजलेली कॉफी हलकी असते आणि तेवढ्याच वजनात जास्त जागा व्यापते. फिकट भाजलेली कॉफी घट्ट असते. त्यामुळे फिकट रोस्टचे १८ ग्रॅम जिथे सहज मावतात, तिथे गडद रोस्टचे १८ ग्रॅम जाळीला टेकू शकतात. म्हणून चमच्याने मोजण्यापेक्षा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा.

पक पाहून निदान करता येते का?

काही अंशी. शॉटनंतर पकवर स्क्रूचा ठसा दिसला, तर लगेच ‘जास्त भरले’ असा निष्कर्ष काढू नये, कारण भिजून फुगलेला पकही जाळीला टेकतो. ठसा कोरड्या पकवर आला, तरच तो पुरावा. पक चिखलासारखा ओला निघणे हे कमी डोसचे लक्षण असू शकते. मात्र शॉट संपल्यावर दाब सोडणारा झडप-वाल्व्ह यंत्रात नसेल, तर योग्य डोसचा पकही ओलाच राहतो.

सर्वांत स्पष्ट चित्र तळ उघडा असलेल्या पोर्टाफिल्टरमध्ये दिसते. चांगल्या शॉटमध्ये थेंब सगळीकडून जवळपास एकाच वेळी दिसू लागतात आणि मध्यभागी एक धार जमते. एखादी बाजू बराच वेळ कोरडी राहणे, एका जागी लवकर फिकट रंग येणे किंवा बारीक पिचकारी उडणे ही चॅनेलिंगची लक्षणे. घरगुती यंत्रांसोबत येणाऱ्या दुहेरी तळाच्या बास्केटमध्ये हे दिसत नाही. तिथे एकाच बारीक छिद्रातून कॉफी बाहेर येते, त्यामुळे चूक डोसची असली तरी वर फेस छान दिसतो.

मग सुधारणेचा क्रम काय असावा?

आधी किती कॉफी प्यायची ते ठरवावे आणि त्या वजनाचे बास्केट घ्यावे. त्यानंतर डोस बास्केटच्या मापाच्या एक ग्रॅम आत-बाहेर पक्का करावा. तो पक्का झाला की प्रवाहाचा वेग फक्त दळणाने सुधारावा. शॉट वेगाने येतो म्हणून दोन ग्रॅम वाढवले आणि हळू येतो म्हणून कमी केले, तर वेग, प्रमाण आणि जाळीखालची जागा अशा तीन गोष्टी एकाच वेळी बदलतात. मग चव कशामुळे बदलली, ते शोधता येत नाही.

एवढे करूनही शॉट एका बाजूने येत असेल, तर पुढचा संशय कॉफी पसरवण्यावर आणि वाकड्या टॅम्पिंगवर घ्यावा. त्या चुका योग्य डोसनेही झाकल्या जात नाहीत.