तासाभराच्या शर्यतीचा वॅटमधला हिशेब

टाइम ट्रायलमध्ये सायकलपटू एकटाच धावतो, घड्याळाविरुद्ध. कुणाच्या मागे राहून वारा चुकवायची सोय नसल्यामुळे किती जोर कधी लावायचा, हे त्यालाच ठरवावं लागतं. पेडलवर किंवा क्रँकवर बसवलेला पॉवर मीटर हा जोर वॅटमध्ये मोजतो. त्या आकड्यांवरून शर्यत कशी आखायची, ते एका उदाहरणातून पाहू: 40 किलोमीटर, सपाट रस्ता, 20 जाताना आणि 20 येताना, आणि जाताना वारा तोंडावर.

आखणी सुरू होते ती एफटीपीपासून, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा कमाल पॉवरपासून. तासभर जीव तोडून चाचणी देणं अवघड असतं, म्हणून बहुतेक जण वीस मिनिटांच्या चाचणीतल्या सरासरीच्या 95 टक्के धरतात. आपल्या सायकलपटूने नेहमीच्या रोड सायकलवर वीस मिनिटांत 263 वॅट काढले, म्हणजे एफटीपी 250. पण शर्यतीत त्याला कोपर टेकवून, पाठ आडवी करून बसायचं आहे. त्या बैठकीत कंबरेचा कोन आवळतो आणि बहुतेकांची पॉवर घटते. तीच चाचणी त्याने टाइम ट्रायलच्या सायकलवर दिली तेव्हा 253 वॅट आले, म्हणजे 240. शर्यतीसाठी खरा आकडा हाच. 250 धरून निघाला असता तर तो शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये ढेपाळला असता. शिवाय त्याला तासाहून थोडा जास्त वेळ लागणार आहे, म्हणून लक्ष्य 235.

आता नॉर्मलाइज्ड पॉवरकडे येऊ. अँड्र्यू कॉगन या अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञाने मांडलेलं हे माप साध्या सरासरीपेक्षा वेगळं आहे. आधी पॉवरची तीस-तीस सेकंदांची सरकती सरासरी काढायची, प्रत्येक आकड्याचा चौथा घात घ्यायचा, त्या घातांची सरासरी काढायची आणि शेवटी तिचं चौथं मूळ घ्यायचं. चौथा घात अशासाठी की जोर वाढवला की शरीरावरचा ताण त्याच प्रमाणात वाढत नाही, कितीतरी झपाट्याने वाढतो. समजा, कुणी पाच मिनिटं 300 वॅट आणि पाच मिनिटं 180 वॅट असं आलटून पालटून चालवलं. साधी सरासरी 240 येते, नॉर्मलाइज्ड पॉवर मात्र 260च्या आसपास. शरीराने 260ची किंमत मोजली आणि सपाट, वारा नसलेल्या रस्त्यावर त्याला 240चाही पुरता वेग मिळाला नाही, कारण वेग वाढतो तसा हवेचा विरोधही फार वेगाने वाढतो.

म्हणून मला वाटतं, शर्यत चालू असताना नॉर्मलाइज्ड पॉवरच्या मागे लागू नये. मधूनच जोर मारून ती वाढवणं सोपं आहे, पण त्यातून वेळ कमी होत नाही. शिवाय पहिल्या वीसेक मिनिटांत तो आकडा भरवशाचा नसतो. पडद्यावर ताजी पॉवर आणि दर पाच किलोमीटरच्या टप्प्याची सरासरी एवढंच पुरे.

मग पूर्ण वेळ 235च धरायचं का? इथे वारा हिशेबात येतो. तोंडावरच्या वाऱ्यात वेग कमी, म्हणून तिथे वेळ जास्त जातो, आणि जिथे जास्त वेळ जातो तिथे थोडा जास्त जोर लावणं फायद्याचं ठरतं. आपल्या सायकलपटूने जाताना 245 आणि येताना 221 धरले, तर सरासरी 235 राहते आणि नॉर्मलाइज्ड पॉवर जेमतेम एक वॅट वर जाते. ताशी 11 किलोमीटरचा वारा असेल तर सुमारे 64 मिनिटांच्या शर्यतीत असे काही सेकंद वाचतात. तोंडावर वारा आहे म्हणून कुणी 270 वर गेला, तर परतीच्या वाटेवर त्याची भरपाई होणार नाही.

सगळ्यात मोठा धोका पहिल्या पाच मिनिटांत असतो. ताज्या पायांना 300 वॅटही हलके वाटतात आणि छातीच्या पट्ट्यावरचे हृदयाचे ठोके मागाहून चढतात, त्यामुळे तेही वेळेवर इशारा देत नाहीत. म्हणून सुरुवातीला वारा असला तरी 235च्या वर जायचं नाही. पाचव्या मिनिटानंतरच हळूहळू 245 धरायचे.

घरी आल्यावर नॉर्मलाइज्ड पॉवर खरी कामाला येते. तिला साध्या सरासरीने भागायचं. सपाट रस्त्यावर उत्तर 1.02च्या आत असेल तर जोर नीट वाटला गेला. 1.06 असेल तर कुठे उसळी मारली ते आलेखात शोधायचं. आणि जोर एकसारखा असूनही शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये पॉवर घसरली, ठोके मात्र चढेच राहिले, तर 240 हा अंदाजच त्या दिवसासाठी जास्त होता. ऊन कडक असलं की असं हमखास होतं, आणि अशा दिवशी लक्ष्य पाच-दहा वॅटनी उतरवूनच निघावं. निघण्याआधी पॉवर मीटर शून्यावर आणायलाही विसरू नये. सावलीतून उन्हात नेलेला मीटर तापमानाच्या फरकाने काही वॅट चुकीचे दाखवू शकतो, आणि ही सगळी आखणी तेवढ्याच वॅटवर उभी आहे.