बदलता दर स्थिर करून घेताना

घरकर्जाचा बदलता व्याजदर स्थिर करायचा असेल तर बँकेकडे लेखी अर्ज करावा. 1 ऑक्टोबर 2025 पासून ही सवलत देणे बँकेच्या मर्जीवर आहे.

आम्ही एक हिशोब मांडला. बाकी 10 लाख, मुदत 10 वर्षे. 9 टक्के दराने हप्ता 12,668 रुपये. 10 टक्के स्थिर दराने 13,215. अर्धा टक्का फी धरली तर 5,000, वर जीएसटी 900. म्हणजे बदलता दर 10 टक्क्यांपुढे जाऊन टिकला, तरच सौदा परवडतो.

हप्ता जुनाच ठेवला तर मुदत सुमारे नऊ महिने लांबते. म्हणून नवे हप्तापत्रक हातात घ्या, अन् दर किती वर्षे स्थिर राहणार हे लेखी पाहूनच सही करा.