तबकडीच्या कडेवरून आतले तापमान

धातूच्या पातळ, गोल तबकडीच्या कडेचा वरचा अर्धा भाग सतत 100 अंशांवर आणि खालचा 0 अंशांवर ठेवला, दोन्ही पृष्ठांतून उष्णता निसटू दिली नाही, तर काही वेळाने आतले तापमान स्थिरावते. हे स्थिर तापमान लाप्लासचे समीकरण पाळते.

तबकडी गोल असल्याने केंद्रापासूनचे अंतर r आणि कोन θ वापरणे सोयीचे. कडेवर r = 1 धरू. चल वेगळे केल्यावर rⁿ cos nθ, rⁿ sin nθ अशी उत्तरे मिळतात. r⁻ⁿ आणि log r यांचीही मिळतात, पण ती केंद्राशी अनंत होतात, म्हणून गाळावी लागतात. तबकडीला मधे भोक असते तर मात्र ती ठेवावी लागली असती.

आता r = 1 ठेवले की उरते ती कडेच्या तापमानाची फूरिए श्रेणी. तिच्यातून सहगुणक मिळतात:

u = 50 + (200/π)(r sin θ + r³ sin 3θ/3 + r⁵ sin 5θ/5 + …)

केंद्रावर 50, म्हणजे कडेची सरासरी. r = 1/2, θ = 90° येथे पहिल्या पदापर्यंत 81.8, दुसऱ्यापर्यंत 79.2, तिसऱ्यापर्यंत 79.6 येते, खरे मूल्य 79.5. आत rⁿ झपाट्याने लहान होतो, म्हणून तीन पदे पुरतात. कडेवर हा आधार नसतो. तापमान जिथे एकदम बदलते त्या बिंदूंजवळ कितीही पदे घेतली तरी आकडा 100 ओलांडून सुमारे 109 पर्यंत उसळतो. तबकडीत कुठेही तापमान 100 च्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे ही उसळी अपुऱ्या बेरजेचीच खूण समजावी.