शिंकांचा हंगाम, साथ नव्हे

परतीचा पाऊस ओसरला की पुणे आणि आसपासच्या दवाखान्यांत नाक गळणाऱ्या रुग्णांची रांग लागते आणि तिचे वर्णन ‘व्हायरलची साथ’ या एकाच शब्दप्रयोगाने करून मोकळे होण्याची प्रथा पडली आहे. या रांगेतील कित्येकांना विषाणूजन्य सर्दीच झालेली असते, यात शंका नाही. परंतु ज्यांना सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ दहा-बारा शिंका येतात, ज्यांचे नाक, टाळू आणि डोळे खाजतात, डोळ्यांतून सतत पाणी वाहते पण अंगात ताप नसतो, आणि गेल्या वर्षीही याच महिन्यांत ज्यांची अशीच अवस्था झाली होती, त्यांचा आजार कुणाकडून लागलेला नसतो. त्यांना असते ती नाकाची ॲलर्जी, जिला वैद्यक ‘ॲलर्जिक ऱ्हायनायटिस’ म्हणते, आणि दरवर्षी तिच्यावर दिला जाणारा प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिक गोळ्यांचा, कोर्स निव्वळ वाया जातो, कारण मारण्याजोगा जिवाणूच तेथे नसतो.

या महिन्यांशी आजाराचे नाते का जुळते, हे पाहण्यासाठी पुण्याहून अधिक बोलके ठिकाण शोधावे लागणार नाही. गाजर गवत किंवा काँग्रेस गवत या नावाने ओळखली जाणारी, मूळची अमेरिका खंडातील पार्थेनियम ही वनस्पती १९५५-५६च्या सुमारास पुण्यात आढळली. आयात धान्यातून तिचे बी आले असावे, असे मानले जाते. पावसाच्या ओलीवर मोकळे प्लॉट, रस्त्याच्या कडा आणि पडीक रान व्यापून हे गवत पांढऱ्या फुलांनी भरते, आणि ऊन पडून हवा कोरडी होऊ लागली की त्याचे परागकण इतर गवतांच्या परागकणांसोबत हवेत मिसळतात. घराच्या आत याच काळात दुसरी घडामोड चालू असते, ती म्हणजे पावसाळी दमटपणात गाद्या-उशांमध्ये वाढलेल्या धुळीतील किडींची, अर्थात माइट्सची; डोळ्यांना न दिसणाऱ्या या किडींच्या विष्ठेतील प्रथिने रात्रभर श्वासावाटे नाकात जात राहतात. सकाळच्या शिंकांचा दोष त्यामुळे केवळ खिडकीबाहेरच्या गवतावर टाकून चालत नाही.

शरीराने अशा निरुपद्रवी प्रथिनाला एकदा शत्रू ठरवले की त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार होतात आणि नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींना चिकटून राहतात. तेच प्रथिन पुन्हा आल्यावर या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन हे द्रव्य सोडतात, ज्यामुळे खाज, शिंका आणि पाणी सुरू होते. मात्र त्यानंतर काही तासांनी दाहकारक पेशी तेथे गोळा होऊन अस्तर सुजते आणि नाक चोंदते. ही दुसरी लाट लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण उपचाराची सगळी गणिते तिच्यावर अवलंबून आहेत.

संसर्ग आणि ॲलर्जी यांतील भेद पुष्कळ जण नाकातील स्रावाच्या रंगावरून करू पाहतात, आणि तेथेच फसतात, कारण साध्या विषाणूजन्य सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्राव पिवळा-हिरवा होतो. रंगापेक्षा खाज आणि कालावधी हे अधिक भरवशाचे साक्षीदार आहेत. पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या, चाळिशीतील एका शिक्षिकेचे कल्पित उदाहरण घेऊ. सप्टेंबरच्या मध्यापासून तिला शिंका सुरू होतात, मोकळ्या प्लॉटवरून शाळेत चालत जाताना डोळे चुरचुरतात, स्राव पाण्यासारखा राहतो, आणि चार दिवस गावाला गेल्यावर आराम पडतो. हे दोन महिने चालते. सर्दी मात्र घसादुखी आणि कणकण घेऊन येते व बहुधा सात ते दहा दिवसांत ओसरते. उद्या याच शिक्षिकेला बरे वाटू लागल्यावर अचानक ताप येऊन गाल आणि कपाळ ठणकू लागले, किंवा दाट स्राव दहा दिवसांनंतरही जराही कमी झाला नाही, तर सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग झाल्याचा संशय रास्त ठरेल. एकाच बाजूचे नाक सतत बंद राहणे किंवा त्यातून रक्त येणे हे मात्र ॲलर्जीचे लक्षण नव्हे. तेथे तज्ज्ञाकडून तपासणी हवी.

औषधांच्या बाबतीत या शिक्षिकेचा प्रवास बहुधा दुकानातील सर्दीच्या गोळीपासून सुरू होतो, जिच्यातील जुने अँटिहिस्टामिन दिवसभर गुंगी आणते. सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिनसारखी नवी औषधे कमी गुंगी आणतात आणि खाज, शिंका थांबवतात, पण ती हिस्टामिनला अडवत असल्याने सुजेच्या दुसऱ्या लाटेपुढे तोकडी पडतात. मग नाक मोकळे करणारे थेंब येतात, जे दहा मिनिटांत जादू दाखवतात. परंतु तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक वापरल्यास अस्तर त्यांच्यावर विसंबून राहते, परिणाम उतरताच पूर्वीपेक्षा जास्त सुजते, आणि महिनोन्‌महिने बाटली खिशात बाळगणारे रुग्ण निर्माण होतात. सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या माँटेलुकास्टविषयीही सावधगिरी हवी. मनःस्थितीवरील दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर ठळक इशारा छापण्यास सांगितले आणि इतर उपायांनी भागत नसेल तेव्हाच ते नाकाच्या ॲलर्जीसाठी वापरावे, असे सुचवले.

सुजेवर खरा उपाय आहे तो नाकात मारायच्या स्टेरॉइड फवाऱ्याचा, आणि ‘स्टेरॉइड’ या शब्दाच्या धास्तीने तोच सर्वात आधी नाकारला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. फ्लुटिकासोनच्या फवाऱ्याची प्रौढांसाठीची नेहमीची दिवसाची मात्रा साधारण २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग असते, आणि तिचाही अत्यल्प अंश रक्तात पोहोचतो. दम्याच्या मोठ्या झटक्यात पोटातून दिल्या जाणाऱ्या ३०-४० मिलिग्रॅम स्टेरॉइडच्या गोळ्यांशी तिची तुलना होऊ शकत नाही. लहान मुलांची उंची मोजत राहणे आणि काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना तसे सांगणे एवढी दक्षता मात्र घ्यावी.

फवारा निरुपयोगी ठरतो तो बहुधा दोन कारणांनी. पहिले कारण घाई हे असते: काही तासांत थोडा फरक जाणवला तरी पूर्ण परिणाम दिसण्यास एक-दोन आठवडे लागतात, आणि तिसऱ्या दिवशी बाटली बाजूला ठेवणाऱ्याला तो कळतच नाही. दुसरे कारण पद्धतीचे आहे. डोके मागे टाकून जोरात ओढल्यास औषध घशात उतरते. मधल्या पडद्यावर मारल्यास तेथे कोरडेपणा येऊन रक्त येते. मान किंचित पुढे झुकवून, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, नळीचे टोक त्याच बाजूच्या कानाकडे वळवून फवारा मारावा आणि फुलाचा वास घ्यावा इतक्याच हलक्या श्वासाने तो आत घ्यावा. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास औषध अस्तराला नीट लागते, मात्र ते पाणी उकळून गार केलेलेच असावे.

एवढे करूनही हंगाम असह्य होत असेल, किंवा छातीत घरघर सुरू झाली असेल, तर त्वचेवर थेंब ठेवून टोचण्याची चाचणी करता येते, जिच्याआधी अँटिहिस्टामिन सुमारे आठवडाभर बंद ठेवावे लागते. पंधरा मिनिटांत उठलेली गांधी हा आजाराचा पुरावा नसून केवळ संवेदनशीलतेचा असतो, म्हणून ती लक्षणांच्या महिन्यांशी आणि जागेशी जुळली तरच तिला अर्थ राहतो. तशी जुळणी झाल्यास त्या प्रथिनाची वाढती मात्रा इंजेक्शनने किंवा जिभेखालून देणारी इम्युनोथेरपी विचारात घेता येते; तिला तीन ते पाच वर्षे चिकाटी लागते, पण थांबवल्यावरही लाभ टिकू शकतो, जो कोणत्याही गोळीत नाही.

आपल्या शिक्षिकेच्या बाबतीत मात्र इतक्या लांब जाण्याआधी एक साधी गोष्ट शिल्लक आहे: या वर्षी शिंका ज्या तारखेला सुरू झाल्या ती वहीत लिहून ठेवणे, आणि पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या तारखेच्या दोन आठवडे आधी, म्हणजे गाजर गवताला फुले धरू लागली असताना, फवारा सुरू करणे.